रिमोट हरवल्यावर टीव्हीवरचे एकच बटण कसे चालवावे

गेल्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील गंगाखेडला मावशीकडे गेलो होतो. संध्याकाळी वावटळ सुटली, लाईट गेली आणि दीड तासाने परत आली. टीव्ही सुरू झाला, पण पडद्यावर No Signal एवढीच अक्षरे फिरत राहिली आणि थोड्या वेळाने तो आपोआप बंद पडला. रिमोट दोन दिवसांपासून बेपत्ता होता. गादीखाली, गव्हाच्या कोठीमागे, नातवंडांच्या खेळण्यांत, सगळीकडे शोधून झाले होते. “डब्बा चालू हाय, त्याची बत्ती बी लागलीय, मग चित्र का येईना?” असे मावशी विचारत होती. काकांनी टीव्हीच्या खालच्या कडेचे बटण चार-पाच वेळा दाबून पाहिले होते. प्रत्येक वेळी पडद्याच्या कोपऱ्यात काही चित्रे उमटत आणि नाहीशी होत. हे बटण फक्त टीव्ही बंद-चालू करण्यासाठी आहे, असे समजून त्यांनी नाद सोडला होता.

खरे तर ते बटण म्हणजे एक छोटा रिमोटच असतो. पूर्वीच्या टीव्हीला कडेला सहा-सात बटणांची ओळ असे आणि प्रत्येकाखाली त्याचे काम लिहिलेले असे. टीव्ही पातळ होत गेले, कडा बोटभर उरल्या, आणि कंपन्यांनी त्या ओळीऐवजी एकच बटण किंवा चारही बाजूंना ढकलता येणारी एक छोटी दांडी, म्हणजे जॉयस्टिक, बसवायला सुरुवात केली. काम तेच राहिले, पण ते लिहिलेले नसल्याने समजून घ्यावे लागते.

पहिली अडचण ते सापडण्याची. बहुतेक टीव्हींमध्ये ते समोरच्या बाजूला, कंपनीच्या नावाच्या बरोबर खाली, तळाकडे तोंड करून बसवलेले असते, आणि रिमोटचे किरण टिपणारी काळी काच व लाल दिवाही बहुधा तिथेच असतो. काही टीव्हींमध्ये ते पाठीमागे खालच्या कोपऱ्यात असते. माहितीपुस्तकातील आकृती बहुधा पाठीमागून काढलेली असल्याने तिच्यात जे डावीकडे दिसते ते समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला येते, हे लक्षात न आल्याने माणूस चुकीचा कोपरा चाचपत बसतो. टीव्ही भिंतीला टांगलेला असेल आणि मागे जेमतेम दोन बोटे जागा असेल, तर डोके खुपसून पाहण्यापेक्षा मोबाईलचा कॅमेरा खालून वर धरून प्रकाशासह एक फोटो काढावा. बटण कुठे आहे आणि ते गोल उंचवटा आहे की सपाट पट्टी आहे, हे फोटोत लगेच दिसते. उंचवटा असेल तर ती बहुधा जॉयस्टिक असते आणि तो बोटाने किंचित हलतो. सपाट असेल तर एकच बटण.

बटण हाती लागल्यावर आधी लाल दिव्याकडे पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर टीव्हीपर्यंत वीजच पोहोचत नाही किंवा तळाशी असलेला मुख्य खटका बंद आहे. हा खटका काही टीव्हींना वेगळा असतो आणि धूळ पुसताना तो नकळत सरकतो. दिवा लागलेला असेल तर टीव्ही झोपलेला आहे, म्हणजे वीज आहे पण पडदा बंद आहे. अशा वेळी बटण एकदा दाबून सोडले की तो जागा होतो.

आता मुख्य मुद्दा. एका बटणाला सांगता येण्यासारख्या गोष्टी दोनच असतात: दाबून लगेच सोडणे आणि दाबून धरणे. बहुतेक एक-बटणी टीव्हींमध्ये पडदा चालू असताना बटण एकदा दाबून सोडले की पडद्याच्या खालच्या कडेला किंवा कोपऱ्यात चित्रांची एक छोटी ओळ उमटते. त्यातील एका चित्राभोवती चौकट असते किंवा ते उजळलेले दिसते. त्यानंतर प्रत्येक वेळी दाबून सोडले की चौकट एक घर पुढे सरकते, आणि साधारण एक-दोन सेकंद दाबून धरले की चौकटीतील काम घडते. म्हणजे सोडणे हे ‘पुढे चल’ आणि धरणे हे ‘हेच कर’. काका चार-पाच वेळा भराभर दाबत होते, म्हणजे चौकट नुसती पुढे पुढे जात होती आणि एकदाही काही निवडले जात नव्हते. शिवाय ही ओळ काही सेकंद स्पर्श झाला नाही की आपोआप मिटते, त्यामुळे “हे काय आलं” म्हणून पाहत राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत ती नाहीशी होते.

मावशीच्या टीव्हीवर आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो. टीव्ही 32 इंची होता, बटण नावाखाली होते आणि फ्री डिशचा डबा एचडीएमआय वायरने मागच्या दुसऱ्या खाचेत जोडलेला होता. खाच दुसरी आहे हे आधी मोबाईलच्या फोटोवरून पाहून ठेवले. खाचेशेजारी बारीक अक्षरांत HDMI 2 असे छापलेले असते आणि तेच नाव पुढे पडद्यावर शोधायचे असते. टीव्ही जागा केला. No Signal दिसू लागल्यावर बटण एकदा दाबून सोडले, तेव्हा ओळ उमटली. तिच्यात पहिले चित्र टीव्ही बंद करण्याचे होते, दुसरे चौकोनात बाण शिरताना दाखवणारे, आणि पुढे आवाज व चॅनेलची चिन्हे होती. चौकोनात शिरणारा बाण म्हणजे इनपुट, ज्याला काही टीव्हींवर Source तर काहींवर Input म्हणतात. आणखी एकदा दाबून सोडल्यावर चौकट बाणावर आली. मग बटण दोन सेकंद धरले आणि पडद्यावर TV, AV, HDMI 1, HDMI 2 अशी यादी उघडली. चौकट TV वर होती, म्हणजे लाईट आल्यावर टीव्ही आपल्या स्वतःच्या अँटेनाच्या वाटेकडे पाहत बसला होता आणि तिथे काहीच जोडलेले नव्हते. तीनदा दाबून सोडले, चौकट HDMI 2 वर आली, पुन्हा दोन सेकंद धरले, आणि बातम्या दिसू लागल्या. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे घाईत हवे ते घर ओलांडून पुढे जाणे. एका बटणाला मागे जाण्याची सोय नसते, चौकट फक्त पुढेच जाते, म्हणून घर चुकले तर पूर्ण फेरी घालून पुन्हा तिथे यावे लागते. ती फेरी शांतपणे घालावी. दुसरी चूक पहिल्या चित्राशी होते: ओळ उमटताच कोणी बटण धरून ठेवले तर टीव्ही बंद होतो, कारण अनेक टीव्हींमध्ये चौकट सुरुवातीला बंद करण्याच्या चित्रावरच असते. काही टीव्हींमध्ये तर ओळ उमटलेली नसताना बटण लांब दाबले तरी टीव्ही बंदच होतो. त्यामुळे टीव्ही बंद झाला म्हणजे बटण बिघडले असे समजू नये. चित्रांचा क्रम, आणि दाबणे व धरणे यांचा नेमका अर्थ, प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो. म्हणून पहिल्या खेपेस काही निवडू नये. नुसते दाबत-सोडत एक फेरी पूर्ण करावी, ओळीत किती घरे आहेत ते मोजावे, आणि मग दुसऱ्या फेरीत कामाला लागावे.

जॉयस्टिक असेल तर हे सगळे बरेच सोपे जाते. एलजीच्या अनेक टीव्हींमध्ये नावाखाली आणि सॅमसंगच्या काही वर्षांच्या मॉडेलांमध्ये पाठीमागे अशी दांडी असते. टीव्ही चालू असताना ती एका दिशेच्या जोडीने ढकलली की आवाज बदलतो आणि दुसऱ्या जोडीने ढकलली की चॅनेल. मधोमध आत दाबली की यादी उघडते, यादीत दांडी ढकलून फिरायचे आणि आत दाबून निवडायचे, आणि आत दाबून काही सेकंद धरली की टीव्ही बंद होतो. येथे मागे जाता येते, त्यामुळे घर चुकण्याची भीती नाही. मात्र दांडी टीव्हीच्या पाठीमागे असेल तर समोरून हात घालणाऱ्याला डावे-उजवे उलटे वाटू शकते. अशा वेळी दिशा आठवत बसू नये. हलकेच एका बाजूला ढकलून पडद्यावरची आवाजाची पट्टी कुठे जाते ते पाहावे. दांडी कधीही जोराने ढकलू नये, कारण ती आतल्या लहानशा स्विचवर बसवलेली असते आणि तो एका बाजूने दबून बसला की आवाज वाढतच जातो.

जुन्या, कडेला बटणांची ओळ असलेल्या टीव्हीबद्दल थोडेच सांगायचे आहे, कारण नावे छापलेली असतात. फक्त एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: Menu दाबल्यावर त्याच बटणांचे अर्थ बदलतात. चॅनेलची दोन बटणे तेव्हा वर-खाली नेतात, आवाजाची दोन बटणे डावी-उजवीकडे नेतात किंवा आत शिरतात. इनपुटच्या यादीतही पुष्कळदा चॅनेलच्या बटणांनी खाली जाऊन आवाज वाढवण्याच्या बटणाने निवडावे लागते. ‘यादी उघडते पण निवडता येत नाही’ अशी तक्रार ऐकू आली की मी आधी हेच करून पाहायला सांगतो.

मावशीकडे चित्र आल्यावर दुसरा प्रश्न लगेच उभा राहिला. काकांनी ओळीतून चॅनेलचे चिन्ह निवडले आणि काहीच झाले नाही. हा दोष नव्हता. डिश किंवा केबलचा डबा जोडलेला असतो तेव्हा चॅनेल डब्यात बदलते, आणि टीव्ही फक्त डब्याकडून आलेले चित्र दाखवतो. टीव्हीचे चॅनेल-बटण त्याच्या स्वतःच्या अँटेनाच्या वाटेपुरतेच काम करते, म्हणून HDMI किंवा AV निवडलेले असताना ते दाबून उपयोग नाही. उलट, डब्याचा रिमोट शाबूत असेल तर हरवलेल्या रिमोटचा त्रास निम्म्याहून कमी होतो: टीव्हीच्या बटणाने तीनच कामे करायची उरतात, चालू करणे, योग्य इनपुट निवडणे आणि आवाज एकदा बसवणे. डब्याचाही रिमोट नसेल तर डब्याच्या समोरच्या पट्टीवर पाहावे. अनेक डब्यांवर चॅनेल पुढे-मागे करण्याची बटणे असतात.

आवाज ‘एकदा बसवणे’ असे म्हणण्यामागे कारण आहे. आवाज दोन ठिकाणी असतो, डब्यात आणि टीव्हीत, आणि कानावर पडतो तो दोघांचा मिळून. डब्याचा आवाज अगदी कमी असेल तर टीव्हीचा कितीही वाढवला तरी आवाज क्षीण येतो आणि त्यात खरखर मिसळते. म्हणून आधी डब्याच्या रिमोटने डब्याचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवावा, मग टीव्हीच्या बटणाने टीव्हीचा आवाज घरात सगळ्यांत मोठा जेवढा लागतो तेवढा ठेवावा. यानंतर रोजचे कमी-जास्त डब्याच्या रिमोटनेच करता येते आणि टीव्हीपाशी उठून जावे लागत नाही. मावशीने भजनाच्या वेळी लागणारा आवाज प्रमाण धरला, जो माझ्या कानाला जरा जास्तच होता.

कधी कधी बटण दाबूनही काही होत नाही आणि पडद्यावर कुलपाचे चित्र किंवा Key Lock, Panel Lock, Child Lock यांपैकी काही अक्षरे उमटतात. लहान मुलांनी बटणांशी खेळू नये म्हणून ही सोय असते, आणि नेमक्या अशा वेळी ती आडवी येते, कारण हे कुलूप सहसा रिमोटनेच उघडते. अशा टीव्हीपुढे तासभर बोटे झिजवण्यात अर्थ नाही, सरळ दुसरा रिमोट आणावा.

याच्या उलट प्रकार म्हणजे कोणी हात न लावता आवाजाची पट्टी वर-खाली होणे किंवा यादी आपोआप उघडणे. आपल्या भागात हे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला जास्त दिसते, आणि त्याचे कारण बटणांच्या रचनेत आहे. पुष्कळ टीव्हींमध्ये सगळी बटणे एकाच तारेवर जोडलेली असतात. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रोधक असतो, म्हणून बटण दाबल्यावर त्या तारेवर वेगळा दाब, म्हणजे व्होल्टेज, येतो आणि तो मोजून टीव्ही कोणते बटण दाबले ते ओळखतो. एका बटणात ओल शिरली आणि गंज धरला की ते अर्धवट दाबल्यासारखे राहते, व्होल्टेज थोडा घसरतो, आणि टीव्हीला वाटते की दुसरेच एखादे बटण दाबले गेले. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालतो, तो टीव्हीच्या रेषेतच ठेवलेला असतो, आणि काळ्या मातीची बारीक धूळ त्या ओलाव्याबरोबर बटणाच्या फटीत जाऊन बसते. रिमोटचे सेल काढून ठेवूनही पट्टी हलत असेल तर दोष रिमोटचा नसून बटणांचा आहे, अशी परीक्षा करता येते. दुरुस्ती करणारे अशा वेळी बटणांची छोटी पट्टी साफ करतात किंवा बदलतात, आणि सुटा भाग मिळाला नाही तर तिची तार काढून ठेवतात. तार काढली की टीव्ही नीट चालतो, पण मग तो फक्त रिमोटवर अवलंबून राहतो. जुना टीव्ही विकत घेताना ते बटण चालते का, हे म्हणूनच दाबून पाहावे. मागचे झाकण मात्र घरी उघडू नये, कारण वायर काढल्यावरही आतील वीजपुरवठ्याच्या भागात काही काळ विजेचा साठा राहतो.

स्मार्ट टीव्हीत बटणाची धाव लवकर संपते. चालू-बंद, आवाज आणि इनपुट एवढे होते, पण ॲपच्या मुख्य पानावर फिरणे किंवा वाय-फायचा पासवर्ड लिहिणे एका बटणाने बहुधा होत नाही. अशा वेळी संगणकाचा साधा यूएसबी माउस टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावून पाहावा. अँड्रॉइडवर चालणाऱ्या बऱ्याच टीव्हींवर लगेच बाण दिसतो, डाव्या कळीने निवडता येते, उजवीने बहुधा मागे जाता येते आणि पडद्यावरच्या कळफलकावर पासवर्डही लिहिता येतो. मोबाईलला रिमोट बनवणारी ॲप आहेत, पण त्यांना मोबाईल आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात. खेड्यात टीव्ही बहुधा घरातल्याच एखाद्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडलेला असतो, म्हणून आधी तोच मोबाईल घेऊन, नाव आणि पासवर्ड न बदलता, हॉटस्पॉट सुरू करावा. टीव्ही ओळखीचे नाव पाहून बहुधा स्वतःच जोडला जातो. मग दुसरा मोबाईल त्याच हॉटस्पॉटवर घेऊन त्यात ॲप उघडावे. पहिल्या जोडणीला टीव्हीच्या पडद्यावर काही आकडे दिसतात, ते मोबाईलवर लिहायचे. ज्या मोबाईलच्या वरच्या कडेला रिमोटसारखे किरण सोडणारा बारीक काळा ठिपका असतो, त्याला या कशाचीच गरज लागत नाही. टीव्हीची कंपनी निवडली की तो सरळ रिमोटसारखा चालतो.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावे. कोणी सांगते की बटण धरून ठेवून वायर लावली की टीव्ही ‘रिसेट’ होतो आणि सगळे ठीक होते. काही टीव्हींमध्ये असे खरेच होते, पण त्यानंतर टीव्ही नव्याने भाषा, वाय-फाय आणि खाते विचारत बसतो, आणि काही टीव्ही ही पाने ओलांडण्यासाठी पुन्हा रिमोटच मागतात. म्हणजे जो टीव्ही निदान डब्याचे चित्र दाखवत होता, तोही अडकून पडतो. रिमोट हाती येईपर्यंत बटण दहा-पंधरा सेकंद धरून ठेवण्याचे प्रयोग करू नयेत.

गंगाखेडच्या बाजारात रिमोट आणायला जाताना काकांनी फक्त कंपनीचे नाव सांगितले होते आणि जो रिमोट आला त्याची निम्मी बटणे चालेनात. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांचे रिमोट वेगळे असतात, म्हणून टीव्हीच्या पाठीवरच्या चिकटपट्टीचा, जिच्यावर Model असे लिहिलेले असते तिचा, फोटो काढून दुकानदाराला दाखवावा. दुसऱ्या दिवशी तसे केल्यावर बरोबर रिमोट मिळाला. तो आल्यावर आम्ही सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी पाहिल्या. बटणांचे कुलूप बंद असल्याची खात्री केली, आणि लाईट आल्यावर टीव्हीने काय करावे, हे ठरवण्याची जागा शोधली. काही टीव्हींमध्ये ती Power On Mode या नावाने असते. तिथे Last किंवा Memory निवडले की लाईट जाण्यापूर्वी टीव्ही ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत तो परत येतो. काही टीव्हींमध्ये सुरू होताना कोणते इनपुट घ्यावे, हेही वेगळे ठरवता येते. मावशीच्या टीव्हीत ते दुसरे सेटिंग होते, आणि आता लाईट आल्यावर तो थेट HDMI 2 वरच उघडतो.